मदत हवी आहे: एक्सेलमधून सीएसव्ही केल्यावर सभासदांचे फोन नंबर बिघडले

वाचनालय_कोल्हापूर: आमच्या वाचनालयाच्या सॉफ्टवेअरमधून सभासदांची यादी सीएसव्हीमध्ये मिळते. चिटणीसांनी ती एक्सेलमध्ये उघडली, दोन पत्ते सुधारले, सेव्ह केली आणि एसएमएसवाल्यांकडे पाठवली. त्यांनी अर्धी यादी परत पाठवली. लँडलाइनचे ०२३१ आता २३१ झाले आहेत. ज्या मोबाइलना पुढे ९१ होते, तिथे `9.19822E+11` असं दिसतंय. वार्षिक सभेचं निमंत्रण जायचं आहे. हे परत कसं आणायचं?

पुणेरी_भाऊ: सोपं आहे. कॉलम सिलेक्ट करा, फॉरमॅट टेक्स्ट करा, झालं.

वाचनालय_कोल्हापूर: केलं. काहीच फरक नाही.

डेटाताई: नाहीच पडणार. फाइल उघडतानाच एक्सेलने तो नंबर म्हणजे रक्कम समजून शून्य टाकून दिला. नंतर टेक्स्ट करून गेलेला शून्य येत नाही. नंबर भरायच्या आधी तो फॉरमॅट दिला असता तर भाऊंचा उपाय चालला असता.

E+11 चं दुखणं वेगळं. बारा आकडी संख्या एक्सेल साध्या सेलमध्ये आखडून दाखवतं. आत पूर्ण नंबर असतो, पण सीएसव्ही सेव्ह करताना जे दिसतं तेच लिहिलं जातं. तुमची ती फाइल पुन्हा उघडा आणि सेलवर क्लिक करा. वरच्या पट्टीत शेवटचे सहा आकडे शून्य दिसले तर ते नंबर गेले, कुठल्याही सूत्राने येणार नाहीत. चिटणीसांच्या मशीनवर पहिली फाइल बंद न करता तशीच उघडी असेल, तर मात्र कॉलमला Number, दशांश शून्य असा फॉरमॅट द्या, पूर्ण नंबर दिसतील.

शाळामास्तर: आमच्याकडे आधार नंबरचं हेच होतं, तेही बाराच आकडी. मी प्रत्येकापुढे ' टाकतो.

डेटाताई: हाताने टाइप करताना ठीक आहे, मास्तर. सीएसव्हीतून येणाऱ्या शेकडो नंबरांना नाही पुरत.

वाचनालय_कोल्हापूर: फाइल बंद झाली आहे, सगळे शेवटी शून्यच. सॉफ्टवेअरमधून पुन्हा काढली तर?

डेटाताई: तेच करा. फक्त डबल क्लिक करून उघडू नका. कोऱ्या वर्कबुकमध्ये Data > From Text/CSV, मग Transform Data, तिथे फोनच्या कॉलमचा प्रकार Text निवडा. एक्सेलने आपोआप टाकलेली Changed Type ही पायरी असेल तर Replace current म्हणा, नाहीतर शून्य आधीच गेलेला असतो. आणि काम xlsx मध्येच ठेवा.

आत्ताच्या फाइलमधले फक्त शून्य गेलेले कोल्हापूरचे लँडलाइन असे येतील:

```
=IF(LEFT(A2,1)="2","0"&A2,A2&"")
```

भारतातला मोबाइल ६ ते ९ नेच सुरू होतो, म्हणून २ वाला दहा आकडी नंबर लँडलाइनच.

वाचनालय_कोल्हापूर: आमचे काही सभासद बेळगावचे आहेत, ०८३१ वाले.

डेटाताई: अरे, मग हे सूत्र त्यांना लागू नाही. शून्य गेल्यावर ८३१ ने सुरू होणारा दहा आकडी नंबर मोबाइलसारखाच दिसतो. गोव्याच्या ०८३२ चंही तेच. पत्त्यात बेळगाव असलेल्या ओळी वेगळ्या काढून मूळ यादीशी ताडून बघा.

पुणेरी_भाऊ: नंबरापुढे + असेल तर एक्सेल हात लावत नाही ना?

डेटाताई: लावतं. + काढून टाकतं आणि बारा आकडे संख्या म्हणूनच धरतं.

वाचनालय_कोल्हापूर: नवी फाइल काढली, मोबाइल सगळे आले. पण काही लँडलाइन त्या फाइलमध्येही शून्याविना आहेत. नोटपॅडमध्ये उघडून पाहिलं, तिथेही नाही.

डेटाताई: मग एक्सेलचा दोष नाही. सॉफ्टवेअरने फोनचा रकाना संख्या म्हणून ठेवला असेल, किंवा कुणी शून्य न घालताच भरला असेल. सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा, रकाना टेक्स्ट आहे का. आणि मोबाइलला पुढचा शून्य लागतच नाही, त्यामुळे तुम्ही आज एसएमएस पाठवू शकताच, लँडलाइनवाल्यांना तसाही फोन करावा लागेल.