मदत हवी आहे: कथेतली दोघं ‘तू’वर कधी यावीत?

कथा लिहितेय. साताऱ्यातल्या शाळेची १९८८ची दहावीची बॅच, स्नेहमेळाव्यात भेटलेले दोघं. तेव्हा वर्गात मुलं-मुली एकमेकांशी बोलतच नसत, त्यामुळे आज पन्नाशी उलटल्यावर एकमेकांना काय म्हणावं हेच त्यांना सुचत नाही. प्रेम हळूहळू उलगडायचंय, तेही संबोधनातूनच. आधी ‘तुम्ही घ्या ना’. मग तू-तुम्ही दोन्ही टाळून ‘चहा घ्यायचा का?’ हा टप्पा मला फार आवडतो. तिसऱ्या भेटीत तो डबा बंद करतो आणि तिच्या तोंडून सहज निघतं, ‘अरे, लोणचं राहिलं की तुझं!’

इथंच अडलंय. त्यानंही लगेच ‘तू’ म्हटलं तर घाई वाटते. ‘तुम्ही’च ठेवलं तर तुटक वाटेल का? तुमच्या बॅचमध्ये हे कसं झालं?