साकवावर अडलेलं गाढव: हट्टी की घाबरलेलं?

पेडण्याचा_गडी: आमच्या वाड्यावर गाडी चढत नाही, म्हणून घराच्या कामाला चिरे वाहायला गाढवं लावली. त्यातलं एक व्हाळावरच्या साकवापाशी उभं राहिलं ते तासभर हललंच नाही. दोघांनी पुढून दोरी ओढली, एकानं मागून काठ्या घातल्या, काही उपयोग नाही. गाढव ही जातच हट्टी. प्राणिप्रेमींनी उगाच त्याची बाजू घेऊ नये.

खूरवाली_डॉक्टर: बाजू घ्यायला नाही, चीड आली म्हणून लिहितेय. घाटावरच्या वीटभट्ट्यांवर गाढवांना औषधपाणी करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. तुम्ही जे तासभर केलंत, त्यानंच ते गाढव तासभर थांबलं.

घोडा घाबरला की उधळतो, कारण तो गवताळ रानातला, कळपातला प्राणी. गाढवाचं मूळ आफ्रिकेच्या कोरड्या, दगडी मुलखातलं. तिथं चारा विरळ, त्यामुळे मोठा कळप नाही आणि उधळायला मोकळं रान नाही. दगडधोंड्यांत आंधळेपणानं पळणारं जनावर पाय मोडून घेतं. म्हणून गाढव आधी थांबतं, बघतं, मग ठरवतं. वेळ पडली तर वळून लाथा घालतं, म्हणून तर काही देशांत मेंढ्यांच्या राखणीला गाढव ठेवतात.

आता साकवाचं. गाढवाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. दूरवरचं त्याला चांगलं दिसतं, पण नाकासमोर आणि पायाशी काय आहे ते बघायला मान खाली घालावी लागते. तुम्ही दोरी पुढून ओढलीत म्हणजे मान वर धरून ठेवलीत. ज्या जागेची भीती, नेमकी तीच जागा दिसेनाशी केलीत. त्यात मागून काठी. शिवाय मानेवर ताण आला की ते मागे रेटतं, ताण सोडला की सैल पडतं. साकव कसला आहे? फळ्यांत फट आहे का, खालचं पाणी दिसतं का?

सत्तरीचो_रानमाणूस: ताईंचं बरोबर. गाढव हुशारच. कच्छच्या रणातलं घुडखर बघा, आपली गाढवं त्याचीच. ओझं जास्त झालं की आपलं आपण थांबतं.

खूरवाली_डॉक्टर: ओझ्याबद्दल काही अंशी खरं. घुडखराबद्दल नाही. तो आशियाई जातीचा, तो माणसाळलेला नाही. पाळीव गाढव आफ्रिकेतल्या रानगाढवापासून आलं, सुमारे ७००० वर्षांपूर्वी.

म्हापशेकर_काका: आमच्या शाळेत मास्तर मला रोज गाढव म्हणत. आता कळलं की गाढव विचार करून थांबतं. पण मुलांना असं बोलणं बंद व्हायला हवं, मन कोमेजतं. याबद्दल कुणी लिहीत नाही.

पेडण्याचा_गडी: काका, तो विषय वेगळा. डॉक्टरबाई, साकव लाकडी आहे, एक फळी सडलीय, फटीतून पाणी दिसतं. पण बाकीची तीन गाढवं त्याच्यावरूनच गेली. मग हे एकच कसं घाबरलं?

खूरवाली_डॉक्टर: बाकीची पुढे निघून गेली आणि हे मागे राहिलं? त्याची जोडीदारीण पुढच्यांत होती का? गाढवांची जोडी फार घट्ट जमते. जोडीतलं एक पुढे असेल तर दुसरं बहुतेक मागोमाग येतं. पण ते दिसेनासं झाल्यावर याला एकट्यानं नवा रस्ता ओलांडावा लागतो.

आणि चिरे किती घातले होते?

पेडण्याचा_गडी: दोन. दोन्ही बाजूंना एकेक. तोल राहतो.

खूरवाली_डॉक्टर: एक चिरा तीस किलोच्या आसपास असतो. दोन म्हणजे साठ, वर खोगीर. माल वाहणाऱ्या जनावरांचे १९६५ चे नियम गाढवाला ५० किलोच देतात. दुपारी बारा ते तीन, तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर कामच लावू नये, असंही त्यांत आहे.

घाटावरचा_बाप्पा: हे नियम करणाऱ्यांनी एकदा गाढवाच्या धन्याच्या घरी जेवून बघावं. आम्ही पिढ्यान्पिढ्या गाढवं राखली. ठेकेदार चिऱ्यामागे पैसे देतो, फेरीमागे नाही. एकेक चिरा नेला तर तोल जातो, खोगीर घसरतं, पाठ सोलते. दोन नेले तर तुमचा नियम मोडतो. मग आम्ही काय करावं? गाढवाचं दुखणं सगळ्यांना दिसतं, आमचं दिसत नाही.

डिचोलीची_सुमन: अगदी! बायका डोक्यावर चिरे वाहतात तेव्हा कुणी वजन करत नाही. गाढवाला नियम, बाईला नाही.

सत्तरीचो_रानमाणूस: सुमनताई, गाढवाचा विषय सोडून हे काय? जो तो आपलंच रडगाणं गातोय.

डिचोलीची_सुमन: रडगाणं म्हणू नका. माझी आई चिरेखाणीवर होती, शेवटी तिची कंबर गेली. आमच्यासाठी हे रडगाणं नाही.

खूरवाली_डॉक्टर: सुमनताई, तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. बाप्पा, तुमची अडचणही खरी. तोलासाठी चिऱ्याऐवजी दोन बाजूंना रेतीच्या लहान गोण्या द्याव्यात, चिरे गाडीनं जमेल तितके वर आणून ठेवावेत. पण ठेका चिऱ्यामागे असेल तर हे ठेकेदारानंच ठरवायला हवं. धन्याच्या पोटातून ते निघू नये.

घाटावरचा_बाप्पा: हे पहिल्यांदाच कुणी नीट बोललं. पण बाई, एक सांगू? काही गाढवं खरंच लबाड असतात. थांबलं की ओझं उतरतं, हे एकदा कळलं की रोज त्याच वळणावर थांबतात. माझं एक तसंच होतं.

खूरवाली_डॉक्टर: तसं होतं, मानते. ओझं उतरवलं म्हणजे थांबण्याचं बक्षीस मिळालं, ते शिकणारच. पण पहिल्यांदा ते का थांबलं, हे शोधल्याशिवाय लबाड म्हणू नका. सुरुवात बहुतेक वेळा दुखण्यातून किंवा भीतीतून झालेली असते.

पेडण्याचा_गडी: मग ओळखायचं कसं? मला भाषण नको, उपाय सांगा.

खूरवाली_डॉक्टर: ओझं काढा. साकवाकडे पाठ करून त्याला मोकळ्या वाटेनं चालवा. सहज चालला तर भीती साकवाची. तिथंही पाऊल आखडून टाकत असेल, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार बदलत असेल, तर दुखणं आहे. खुराला हात लावून बघा, एक खूर बाकीच्यांपेक्षा गरम लागतो का. गाढव दुखणं दाखवत नाही, घोड्यासारखं लोळण घेत नाही. नुसतं गप्प होतं, चारा कमी करतं. चारा सोडला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, गाढवाच्या रक्तात चरबी वाढून ते दगावू शकतं.

आणि तुमच्याकडे पाऊस सुरू झाला असेल तर खूर आधी बघाच. कोरड्या मुलखातला तो खूर पाणी शोषून मऊ पडतो, खडे रुततात, आत पू धरतो. त्याच्या अंगावरचे केसही पाणी अडवत नाहीत. गोव्याच्या पावसात त्याला छप्पर हवंच.

दुखणं नसेल तर सडकी फळी बदला, फटीवर माती टाका, जोडीदारीण आधी पलीकडे उभी करा, दोरी सैल सोडा आणि मान खाली घालून हुंगू द्या. पाऊल पुढे टाकलं की लगेच ताण सोडा.

पेडण्याचा_गडी: खूर गरम होता. उजवा पुढचा. आज सकाळी बघितला. डॉक्टरला बोलावलंय. पण त्या तासाची मजुरी मी दिली, ती कुणी परत देणार नाही.

घाटावरचा_बाप्पा: गाढवाच्या धन्याला तरी दिलीत ना?

पेडण्याचा_गडी: दिली. अर्धी.

डिचोलीची_सुमन: पूर्ण द्या.