मदत हवी आहे : चलानची नोटीस कशी वाचायची? कलम, रक्कम, मुदत काहीच जुळत नाही

निशिगंध_सातारा
नमस्कार. बाबांच्या नावावर स्कूटर आहे. त्यांच्या मोबाईलवर मेसेज आला, प्रलंबित दंड १५०० रुपये. mahatrafficechallan.gov.in वर गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून बघितलं, तर हेल्मेटचं चलान निघालं. कलम १२९/१९४ड, ठिकाण पुणे. आमची स्कूटर जिल्ह्याबाहेर कधी गेलेलीच नाही, आणि हेल्मेटला ५०० असतात ना? वर लोकअदालतीची नोटीस आली आहे, त्यात तारीख आहे. बाबा ६८ वर्षांचे. पोलीस घरी येतील या धास्तीने दोन रात्री झोपलेले नाहीत. भरून मोकळं व्हावं का?

दिगंबर_वाई
काही भरू नका. सहा महिने उलटले की चलान आपोआप रद्द होतं.

चार_चाकं
मला काल व्हॉट्सॲपवर चलान आलं, सोबत एक फाईल होती, शेवटी .apk लिहिलेलं. उघडू का? गाडी नो पार्किंगमध्ये लावली होती खरी.

अनघा_व
चार_चाकं, ती फाईल अजिबात उघडू नका, लगेच डिलीट करा. खरं चलान ॲपची फाईल म्हणून येत नाही. पार्किंगचं काय आहे ते साइटवर गाडीचा नंबर टाकून बघा.

निशिगंधताई, मी वाहतुकीचे खटले चालवते. आधी भरू नका, नीट वाचू या. कलमाचे दोन आकडे असतात. पहिला म्हणजे कुठला नियम मोडला, दुसरा म्हणजे शिक्षा कुठली. १२९ हेल्मेट घालायला सांगतं, १९४ड दंड सांगतं. कायद्यात तो १००० आहे, पण राज्याने जागेवरच्या तडजोडीसाठी ५०० ठेवलाय. म्हणजे तुम्ही ऐकलंत ते बरोबर. मेसेजमधली रक्कम सगळ्या चलानांची बेरीज असते. उरलेले १००० दुसऱ्या ओळीत असणार, खाली सरकवून बघा. आणि प्रत्येक चलानचा फोटो मोठा करून बघा, नुसती नंबरप्लेट नव्हे, अख्खी गाडी.

निशिगंध_सातारा
ताई, दुसरी ओळ आहे! ११२/१८३(१), वेग, १००० रुपये, शिरवळजवळ. फोटोत आमचीच स्कूटर. धाकटा भाऊ त्या दिवशी मित्राकडे गेला होता, आत्ता कबूल झाला. हेल्मेटच्या फोटोतली गाडी मात्र आमची नाही. आमच्या गाडीला मागे स्टीलचं कॅरिअर आहे, तिला नाही. प्लेट मोठी केली तर MH 12 दिसतंय, २ वर चिखल उडालाय म्हणून तो १ वाटतो. आमची MH 11.

अनघा_व
मग दोन्हींचा विचार वेगळा करा. वेगाचं बरोबर आहे, ते एकटं निवडून भरा. 'सगळं भरा' दाबू नका. भरलं की गुन्हा मान्य करून तडजोड झाली असं धरतात, मग तक्रारीला जागा उरत नाही.

हेल्मेटच्या चलानवर त्याच साइटवर तक्रार नोंदवा. चलान क्रमांक, आरसी, तुमच्या गाडीचे मागून आणि बाजूने काढलेले फोटो. मजकुरात एवढंच लिहा की प्लेट MH 12 ची आहे आणि कॅरिअर नाही. तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा.

लोकअदालतीची नोटीस म्हणजे समन्स नव्हे. ती खटल्याआधी मिटवण्याची संधी आहे, त्यासाठी पोलीस घरी येत नाहीत. बाबांना हे आधी सांगा. पण तिथे चूक कोणाची याचा निवाडा होत नाही, तडजोडच होते. म्हणून चुकीचं चलान तिथे नेऊ नका.

तक्रार फेटाळली आणि प्रकरण vcourts.gov.in या ऑनलाइन कोर्टात गेलं, तर तिथे दोन पर्याय असतात : दंड भरणे किंवा `contest`. दुसरा निवडला की प्रकरण नेहमीच्या कोर्टात जातं आणि हजर राहावं लागतं. तिथे हरलात तर कायद्यातला १००० लागू शकतो, लायसन्सही तीन महिन्यांसाठी अपात्र ठरू शकतं. तुमचा फोटो इतका स्पष्ट आहे की मी तरी लढले असते.

दिगंबर_वाई
मग सहा महिन्यांचं खोटं का? माझ्या साडूचं वकिलांनी तसंच सोडवलं.

अनघा_व
खोटं नाही दादा, अर्धं आहे. फक्त दंडाच्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला सहा महिन्यांची मुदत असते. तो मुद्दा कोर्टात मांडावा लागतो. साइटवरची नोंद त्याने आपोआप पुसली जात नाही.

निशिगंध_सातारा
वेगाचे १००० भरले, पावती उतरवून घेतली. तक्रारही नोंदवली. बाबांना फोटो दाखवला, त्यांनी स्वतः कॅरिअर बोटाने दाखवलं आणि मग जेवले. एक राहिलं. तक्रार पडून असताना नोटिशीवरची मुदत संपली तर?

अनघा_व
साइट त्या काळात मुदत थांबवते असं गृहीत धरू नका. तारखेच्या चार दिवस आधी तक्रारीची स्थिती बघा. काहीच हललं नसेल, तर छापील प्रत घेऊन वाहतूक शाखेत जा आणि पोच घ्या.

पांडुरंग_फलटण
माझीही तक्रार अशीच पडून आहे, तीन महिने झाले. पोच घेतली, उत्तर नाही. कोणाला लेखी उत्तर मिळालंय का?