सेकंडरी अँटिबॉडी कोणती घेऊ? बजेट १५ हजार, कोल्हापूर

रंकाळा_पेशी: हेला पेशी, ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये १५ मिनिटं फिक्स, मग ०.२ टक्के ट्रायटन. प्रायमरी सशाची. प्रोटीन मायटोकॉन्ड्रियात असायला हवं, पण न्यूक्लियससकट अख्खी पेशी हिरवी दिसते. सिनियरची जुनी ४८८ सेकंडरी १:१०० ने वापरतोय. नवी कोणती घेऊ? मायक्रोस्कोपला डॅपी, एफआयटीसी, टीआरआयटीसी असे तीनच फिल्टर आहेत. १५ हजारांच्या वर मॅडम सही करणार नाहीत.

कॉन्फोकलवाला: ६४७ घ्या, बॅकग्राउंड कमी येतं. आमच्याकडे त्याचा लेझर आहे. महाग पडेल, पण एकदाच काय ते.

पंचगंगा७: भावा, त्याच्याकडे तो फिल्टरच नाही, आणि ६४७ डोळ्यांना दिसत पण नाही. प्रश्न तरी वाच की. ४८८च घे नवी.

गंगावेस_काका: अँटिबॉडीची तपासणी राजारामपुरीत होते. सुनेचा डेंग्यूचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळाला.

जुना_लॅबवाला: ४८८च. ब्लॉकिंग दूध पावडरनं करा, वेस्टर्नला चालतं ते इथंही चालतं. आणि उन्हाळ्यात मागवू नका. माझं पार्सल शनिवार-रविवार गोदामात पडलं, बर्फाचं पाणी झालं. टाकून दिली बाटली.

स्लाइडताई: टाकायच्या आधी लावून बघितली का? दोन दिवसांत अँटिबॉडी सहसा मरत नाही. दुधाचे मात्र कण राहतात आणि ते ठिपके म्हणून चमकतात. सेकंडरी शेळीची असेल तर ५ टक्के शेळीचा सीरम वापरा.

रंकाळा, खरेदी थांबवा. आधी तीन कव्हरस्लिप करा: एकीवर दोन्ही अँटिबॉडी, दुसरीवर फक्त सेकंडरी, तिसरीवर काहीच नाही. तिन्हींचे फोटो एकाच एक्सपोजरला काढा, ऑटो बंद ठेवून. नाहीतर कॅमेरा काळोखालाही उजळून दाखवतो. तिसरी चमकली तर दोष पेशीचा किंवा फिक्सेशनचा. दुसरी चमकली तर सेकंडरी नुसतीच चिकटतेय. फक्त पहिली चमकली तर प्रायमरीवर संशय घ्या.

रंकाळा_पेशी: केलं ताई. तिसरी काळी, दुसरी पहिलीइतकीच हिरवी! मग सेकंडरी १:१००० केली, सीरम लावला. दुसरी जवळजवळ काळी झाली, आणि पहिलीत न्यूक्लियसभोवती धाग्यांचं जाळं दिसतंय.

पंचगंगा७: झालं की काम! जुनीच पुरते. मीपण तेच म्हणत होतो.

स्लाइडताई: तुम्ही नवी घ्यायला सांगत होता. रंकाळा, जाळं दिसलं म्हणून ते तुमचंच प्रोटीन, असं होत नाही. प्रायमरी दुसऱ्याच कशाला तरी धरत असेल तर फक्त-सेकंडरीच्या कव्हरस्लिपवर ते कळणार नाही. एसआयआरएनएनं प्रोटीन कमी करा, सिग्नलही कमी होतो का बघा.

कॉन्फोकलवाला: ६४७ असती तर हा घोळच झाला नसता.

रंकाळा_पेशी: एसआयआरएनए या बजेटात बसत नाही. ५९४ मागवलीय, डीलरकडे तयार होती. पुढं जीएफपीचा प्लाझ्मिड घालायचाय, तेव्हा हिरवा मोकळा हवा.

स्लाइडताई: टीआरआयटीसी फिल्टरला ५९४ मंद दिसेल हो, ५६८ जास्त जुळली असती. ऑर्डर रद्द होते का विचारा.

रंकाळा_पेशी: मॅडमची सही झाली. आता एक्सपोजर वाढवीन.