मदत हवी आहे: सहा कामं लावली की मशीन बसतं, सीपीयू मात्र रिकामा

खानापूर_रोड: बेळगावात जुनी मराठी-कन्नड कागदपत्रं स्कॅन करून ओसीआर करतो. उबुंटू, ४ जीबी रॅम, चार कोर, साधी हार्ड डिस्क. चार कामं एकदम चालवली तर ४०० पानं २५ मिनिटांत होतात. सहा लावली तर दीड तासात ९० सुद्धा नाहीत. `vmstat 1` मध्ये `us` ६, `wa` ८८, `si` आणि `so` दोन्ही तीन हजारांच्या आसपास. सीपीयू मोकळा दिसतोय, मग आठ लावू का?

निपाणीकर: स्वॅप २ जीबी असेल, ८ करा. जागा संपत असणार.

चिकोडी_७४: आमच्या दुकानात विंडोजवर असंच व्हायचं. अँटीव्हायरस काढला, पळायला लागलं.

घटप्रभा: अँटीव्हायरसचा इथे संबंध नाही. आठ तर अजिबात लावू नका, सीपीयू रिकामा नाही, डिस्कची वाट बघत बसलाय. `si` आणि `so` दोन्ही सतत मोठे, म्हणजे एका कामाचं मेमरीतलं पान डिस्कवर टाकून दुसऱ्याचं आत आणायचं आणि लगेच पहिल्याला तेच परत हवं. हेच थ्रॅशिंग.

रॅमला १०० नॅनोसेकंद आणि डिस्कवरून पान आणायला ८ मिलिसेकंद धरा. पान रॅममध्ये न सापडणं म्हणजे फॉल्ट, `p` म्हणजे त्याचं प्रमाण आणि `EAT` म्हणजे एका वेळेला लागणारा सरासरी वेळ:

```
EAT = (1 - p) * 100 + p * 8000000
```

हजारात एकच फॉल्ट झाला तरी सरासरी ८,१०० नॅनोसेकंदांवर जाते, म्हणजे ८१ पट. वेग दहा टक्क्यांपेक्षा जास्त पडू द्यायचा नसेल तर सुमारे आठ लाख वेळांत एकच फॉल्ट परवडतो. म्हणून चाराचे सहा केल्यावर वेग थोडा उतरत नाही, कड्यावरून पडतो.

स्वॅप वाढवून काम मारलं जाणं टळेल, पण डिस्क तेवढीच हळू.

निपाणीकर: बरं, मग एसएसडी?

घटप्रभा: फरक मोठा पडेल. १०० मायक्रोसेकंद धरले तर हजारात एकाला ८१ पटीऐवजी दुप्पटच. पण गर्दी तशीच राहील, फॉल्ट वाढले की तीही दमणार.

आधी प्रत्येक कामाचा वर्किंग सेट बघा, म्हणजे ते थोड्या वेळात खरोखर किती पानांना हात लावतं ते. डेनिंगची १९६८ सालची कल्पना आहे. आत्ताच्या गर्दीत `RSS`, म्हणजे कामाचा रॅममध्ये बसलेला भाग, बघू नका, कर्नलने पानं हिसकावल्यामुळे तो कमी दिसतो. एकच काम चालू ठेवून `4127` च्या जागी त्याचा प्रोसेस क्रमांक घाला:

```
echo 1 | sudo tee /proc/4127/clear_refs
sleep 10
sudo grep Referenced /proc/4127/smaps_rollup
```

खानापूर_रोड: ६५० एमबी आला. सहाचे ३,९०० होतात की! `free -m` एकूणच ३,७०० दाखवतंय.

घटप्रभा: त्यात सिस्टीमचे पाचेकशे धरा. चाराला २,६०० लागतात, आरामात बसतात. उरलेली दोन रांगेत थांबू देत.

खानापूर_रोड: पाच? ३,२५० अधिक ५००, काठावरच येतंय.

घटप्रभा: दहा सेकंदांऐवजी `sleep 30` देऊन परत मोजा, स्कॅनच्या एका पानाला तुमच्याकडे पंधरा सेकंद लागतात. आकडा वाढला तर पाच विसरा. नाही वाढला तर लावून `si` बघत बसा, आधीच सांगता येणार नाही.

चिकोडी_७४: पण अँटीव्हायरस एकदा बघाच.