सेल लावा, पण नेहमीच्या मालावर नको

«पावसाळा संपताना उरलेले रेनकोट आणि छत्र्या काढायच्या आहेत, पण सेलची पोस्ट टाकली की दुकान स्वस्तातलं वाटतं. काय करावं?»

सरसकट ‘50 टक्के सूट’ लिहू नका, एवढं मात्र कळकळीनं सांगतो. ठाण्यात जांभळी नाक्याजवळ आमचं दुकान आहे. एका वर्षी आम्ही 1200 चा काळा रेनकोट 700 ला टाकला आणि फोटो पेजवर तसाच राहू दिला. पुढच्या जूनमध्ये गिऱ्हाइकं मोबाइलवर तोच फोटो दाखवून 700 लाच मागायला लागली. काळा दरवर्षी विकला जातो, त्याचा भाव पाडायची गरजच नव्हती.

आता सूट फक्त पुन्हा न येणाऱ्या रंगांना आणि तुटक साइझना. पोस्टमध्ये कारण आणि नग स्पष्ट लिहितो: ‘हा मोरपंखी रंग पुढच्या वर्षी नाही. एक्सएल 4, लहान मुलांचे 3.’ फोटो नेहमीसारखाच, हँगरवर नीट लावून. ढिगाऱ्याचा कधीच नाही. ही पोस्ट व्हॉट्सअॅप स्टेटसला टाकतो, म्हणजे 24 तासांत जुना भाव दिसेनासा होतो. आणि घाई नको. मुंबईतून मान्सून साधारण 8 ऑक्टोबरला परततो. त्याआधी सेल लावला तर गेल्याच आठवड्यात पूर्ण पैसे मोजलेलं गिऱ्हाईक दुखावतं.