मदत हवी आहे: गोदामाचा लेआउट यू ठेवू की सरळ आरपार?

शेडमधला_पक्या

भिवंडीत पडघ्याच्या बाजूला शेड घेतोय. 32 हजार स्क्वेअर फूट, 160 फूट रुंद, 200 फूट खोल. पुढे 5 शटर आहेत. मालक म्हणतो, मागच्या भिंतीत हवी तेवढी शटरं काढून देतो, पण आत्ता सांगा, रॅक लागल्यावर काही करणार नाही. म्हणजे आवक पुढून, जावक मागून, माल आरपार. आमचे पार्टनर म्हणतात दोन्ही पुढूनच ठेवू, यू आकारात. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. कोणी दोन्ही प्रकार चालवलेत का? कृपया "डिपेंड्स" म्हणू नका.

सरळमार्गी

डोळे झाकून आरपार. माल एका दारातून आत, दुसऱ्यातून बाहेर. आलेल्या आणि जाणाऱ्या मालाची सरमिसळच होत नाही. आमच्याकडे यू होता तेव्हा आवक झालेली पेटी परस्पर दुसऱ्याच टेंपोत चढायची.

मोहिनी_ठाणे

माल कसला? रोज गाड्या किती येतात, किती जातात, आणि कोणत्या वेळी? मागे रस्ता आहे का? यातलं काहीच न सांगता "डिपेंड्स म्हणू नका" म्हणजे कमाल आहे.

शेडमधला_पक्या

साबण, बिस्किटं, शाम्पू, नेहमीचा डिस्ट्रिब्युशनचा माल. आवक 7-8 गाड्या, जावक 25 टेंपो. वेळ म्हणजे दिवसभरच.

नाशिककर_द्राक्षे

बिस्किटं म्हणजे एक्स्पायरी आली. आधी आलेला माल आधी गेला पाहिजे, म्हणजे आरपारच करावं लागेल. आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये एका बाजूने क्रेट भरतो, दुसऱ्या बाजूने काढतो. यूमध्ये जुना माल मागे दाबला जातो.

जुना_भांडारी

नाशिककर, तुमच्याकडे ते रॅकमुळे होतं. दोन्ही तोंडं उघडी असलेल्या खोल रॅकमध्ये मागून भरलं की पुढून जुनं आपोआप निघतं. इमारतीला दारं किती बाजूंना आहेत याचा त्याच्याशी काही संबंध नाही. साध्या रॅकमध्ये प्रत्येक पॅलेटला समोरून हात पोचतो, तिथे बॅचची तारीख बघून उचललं की झालं. आणि एका तोंडाच्या ड्राइव्ह-इन रॅकमध्ये बिस्किटं भरलीत, तर शेडला चारही बाजूंनी दारं काढूनही जुना माल आतच राहील.

पक्या, "दिवसभर" हे उत्तर नव्हे. टेंपो किती वाजता भरायला लागतात आणि किती वाजता सुटतात? बाहेरून येणारी मोठी गाडी कोणती, 32 फुटी की 40 फुटी ट्रेलर? पुढचं आवार शटरपासून गेटपर्यंत किती फूट? मागे किती? जमिनीची पातळी मागे काय आहे?

वास्तुप्रेमी

आवक ईशान्येकडून आणि जावक वायव्येकडून असावी. वायव्य ही वायूची दिशा, माल पटकन हलतो. नैऋत्येला जड माल. कंपास घेऊन शेडची दिशा सांगा.

सरळमार्गी

@वास्तुप्रेमी भिवंडीत नैऋत्येकडून पाऊस येतो एवढं तरी बरोबर आहे. त्या बाजूला शटर काढलं तर जुलैत साबणाचा फेस.

शेडमधला_पक्या

हसा. इथे ॲडव्हान्स अडकलाय.

टेंपो सकाळी 6 ते 10 मध्ये भरून सुटतात. गाडीला 40 मिनिटं धरा. आवक 32 फुटी, क्वचित ट्रेलर. सगळे खोके सुटे, हाताने उतरवतात, एका गाडीला अडीच तास. पुढचं आवार 70 फूट. मागे 25 फूट. डाव्या बाजूला 40 फूट मोकळी पट्टी. पुढे 4 फुटी डॉक, मागे आणि बाजूला जमीन शेडच्या फरशीलाच लागून. आता सांगा.

जुना_भांडारी

हं, आता बोलता येईल. आधी आतलं अंतर बघू, कारण "यूमध्ये चालणं वाचतं" हे सगळे म्हणतात आणि ते अर्धंच खरं आहे.

तुमची खोली 200 फूट. आरपारमध्ये पॅलेट कुठेही ठेवा, पुढून आत 60 गेला तर मागे 140 जाणार. आत-बाहेर मिळून 200च. माल पळणारा असो की पडून राहणारा, फरक नाही. यूमध्ये पुढचे 40 फूट माल उतरवायला-लावायला सोडा, रॅक 40 ते 200 पर्यंत. माल कुठेही टाकलात तर सरासरी जागा 120 फुटांवर, जाऊन-येऊन 240. म्हणजे बेशिस्त यू हा आरपारपेक्षा वाईट! पण चालता माल, ज्याची हालचाल समजा एकूण हालचालीच्या 75 टक्के आहे, तो 40 ते 90 च्या पट्ट्यात ठेवला तर त्याचं सरासरी अंतर 65, जाऊन-येऊन 130. उरलेला माल सरासरी 145 वर, म्हणजे 290. एकत्र धरलं तर साधारण 170. म्हणजे यूचा फायदा मिळतो तो माल शिस्तीने लावला तरच, आणि दर दोन-तीन महिन्यांनी यादी बघून जागा बदलल्या तरच. दिवाळीत उटण्याचा साबण पुढे आला आणि जानेवारीतही तिथेच बसला, तर हिशोब संपला.

सरळमार्गी

पण सरमिसळीचं काय? आणि गर्दीचं?

जुना_भांडारी

सरमिसळ फरशीवरच्या पट्ट्याने आणि मुकादमाने थांबते, त्यासाठी भिंत लागत नाही. गर्दीचा मुद्दा मात्र तुमचा खरा आहे. तो शटरांवर मोजू. 25 टेंपो गुणिले 40 मिनिटं म्हणजे 1000 मिनिटं. 6 ते 10 म्हणजे 240. चारपेक्षा जरा जास्त, म्हणजे 5 शटरं. आवक 8 गाड्या गुणिले अडीच तास, 20 तास. 10 ते 6 मध्ये उतरवलं तर 3 शटरं. टेंपो गेल्यावर आवक सुरू झाली तर तीच 5 दोन्हीला पुरतात. दोन्ही एकाच वेळी आलं तर 8 लागतील, आणि तुमच्याकडे 5 आहेत. खरा प्रश्न एवढाच आहे.

मोहिनी_ठाणे

आणि तो कागदावर सुटणार नाही. दिवसा अवजड वाहनांवर बंदीच्या वेळा असतात, त्यामुळे आवकच्या गाड्या रात्रीच येऊन गेटवर उभ्या राहतात. ड्रायव्हर सकाळी सातला शटर वाजवतो. त्यात मंथ एंड! आमच्याकडे शेवटच्या आठवड्यात टेंपो दीडपट होतात. पक्याचे 25 चे 40 झाले तर त्याच चार तासांत 7 शटरं हवीत, आणि आवकही तेव्हाच ढकलतात. यू करणार असाल तर टेंपो आदल्या संध्याकाळीच भरून ठेवा.

सरळमार्गी

भरलेला टेंपो रात्रभर बाहेर? चोरीची जबाबदारी कोणाची?

मोहिनी_ठाणे

आवारात, गेटच्या आत, सील लावून. आम्ही करतो. आणि रात्रीची चोरी जास्त होते ती दोन गेट असलेल्या ठिकाणी. आरपार केलंत तर वॉचमन दोन, कॅमेरे दुप्पट, आणि हमालांच्या टोळ्याही दोन. एका टोळीला पुढून मागे 200 फूट पळवून बघा, मुकादम काय म्हणतो ते.

नाशिककर_द्राक्षे

टोळीवरून आठवलं, तिकडे वाराईचा दर आता काय चाललाय? आमच्याकडे पेटीवर की टनावर यावरूनच भांडण.

मोहिनी_ठाणे

त्याला वेगळा धागा काढा, नाहीतर इथे 200 प्रतिसाद होतील.

लोखंडी_कॉलम

शेडचं काम करतो म्हणून दोन गोष्टी. मालक "हवी तेवढी शटरं" म्हणतो त्यावर जाऊ नका. भिंतीच्या काही गाळ्यांत ब्रेसिंगच्या तिरक्या पट्ट्या असतात, वाऱ्याचा जोर त्या घेतात. त्या कापून शटर काढायचं नाही. कोणते गाळे मोकळे आहेत ते ड्रॉइंगवर बघा. दुसरं, मागचे 25 फूट अग्निशमनाच्या गाडीच्या रस्त्यासाठी दाखवलेले आहेत का ते मंजूर नकाशात तपासा. असतील तर तिथे टेंपो उभे करणं म्हणजे एनओसीच्या वेळी डोकेदुखी.

जुना_भांडारी

लोखंडी, बरं झालं बोललात. मला मागचा पर्याय तसाही पटत नव्हता. पण पुढचं आवारही अडचणीचं आहे. 32 फुटी गाडी केबिनसकट साधारण 40 फूट. सरळ काटकोनात डॉकला लागायला तिच्या दुप्पट जागा लागते, 80 फूट. पक्याकडे 70. लागेल, पण दोन-तीन वेळा पुढेमागे करून, आणि तेवढा वेळ सगळे टेंपो अडकतील. ट्रेलर आला तर गेट उघडं ठेवून अर्धा रस्त्यावर. म्हणजे आत यू चांगला, बाहेर तो घुसमटतो.

आणखी एक. 4 फुटी डॉक मोठ्या गाडीच्या फाळक्याला बसतो. छोट्या टेंपोचा फाळका त्याच्या खूप खाली. डॉकवरून पेट्या खाली वाकून द्यायच्या किंवा फळी टाकून घसरवायच्या. 25 टेंपो रोज असे भरले की फुटलेल्या बिस्किटांचा हिशोब वेगळा ठेवावा लागेल. तुमचे टेंपो कोणते आहेत?

शेडमधला_पक्या

18 छोटे हत्ती, बाकी पिकअप. आत्ताच्या गोदामात फळीच वापरतो. फुटतात.

जुना_भांडारी

मग यू आणि आरपार सोडून तिसरं बघा. मोठ्या गाड्या पुढे डॉकवर, टेंपो डाव्या बाजूच्या 40 फुटी पट्टीतून, जिथे जमीन फरशीला लागून आहे. तिथे हमाल पेटी उचलून फाळक्यावर ठेवतो, फेकत नाही. शटरं पुढच्या कोपऱ्याजवळच्या गाळ्यांत काढायची, म्हणजे चालता माल दोन्हींच्या मधल्या कोपऱ्यात बसतो आणि अंतर यूइतकंच राहतं. पिकअप साधारण 17 फूट, 40 फुटांत वळते. एल आकार म्हणा.

सरळमार्गी

म्हणजे शेवटी दोन बाजू वेगळ्याच केल्या ना! मी पहिल्यापासून तेच सांगतोय.

जुना_भांडारी

वेगळ्या केल्या, समोरासमोर नाही केल्या. त्या 200 फुटांचा फरक आहे मालक.

मोहिनी_ठाणे

मला हे पूर्ण पटलेलं नाही. गेट एकच असेल तर टेंपो बाजूच्या पट्टीत जायला पुढच्या आवारातूनच जाणार, आणि 32 फुटी वळत असताना तिथेच अडकणार. मी असते तर शटरं न काढता आवक 10 नंतरच घेतली असती आणि संध्याकाळी टेंपो भरले असते. भिंत कापायचा खर्चही नाही.

जुना_भांडारी

ट्रान्सपोर्टर 10 पर्यंत थांबला तर तुमचं बरोबर. पक्या, आत्ताच्या गोदामाचं गेट रजिस्टर काढा. मंथ एंड धरून महिनाभराच्या गाड्यांच्या येण्या-जाण्याच्या वेळा तासातासाने मांडा. 7 ते 10 मध्ये दोन्ही प्रकारच्या गाड्या रोज दिसल्या तर बाजूची शटरं. फक्त महिनाअखेरीला दिसल्या तर मोहिनीताईंचं ऐका.

शेडमधला_पक्या

रजिस्टरमध्ये आत यायची वेळ असते, जायची कोणी लिहीत नाही. बिलाच्या वेळेवरून काढतो. आणि मालकाला विचारलं, डावीकडे पुढून दुसऱ्या आणि तिसऱ्या गाळ्यात त्या तिरक्या पट्ट्या आहेत म्हणतो, पहिला मोकळा. एका गाळ्यात किती शटरं बसतात? गाळा 25 फुटांचा आहे.

लोखंडी_कॉलम

10 फुटी दोन. पण मधला कॉलम नाही, शटरची चौकट वेगळी उभी करावी लागेल, ती कोण देणार ते करारात लिहून घ्या. आणि चौथा गाळा बघितलात का?

वास्तुप्रेमी

डावी बाजू म्हणजे कोणती दिशा? अजून सांगितलं नाही.